संध्यावंदन नव्याने सुरू करताना: वेळ, अर्घ्य आणि नोकरदारांसाठी लघुसंध्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझी मुंज आठव्या वर्षी झाली आणि संध्या दहाव्या वर्षी सुटली. पुन्हा हातात पळी घेतली ती चौतिसाव्या वर्षी, डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात. तेव्हा मला पडलेले आणि नंतर भाचे, शेजारी, ऑफिसातले मित्र विचारत राहिले ते प्रश्न इथे आहेत. मी ऋग्वेदी, आश्वलायन सूत्राचा, म्हणून क्रम त्या शाखेचा दिला आहे. यजुर्वेदी घरांत, मग ती हिरण्यकेशी असोत वा माध्यंदिन, सांगाडा हाच असतो. उपस्थानाचे, म्हणजे उभ्याने करायच्या स्तुतीचे, आणि मार्जनाचे मंत्र, काही क्रिया वेगळ्या असतात. पोथी आपल्या शाखेचीच आणा.

आमची शाखा कोणती हेच माहीत नाही. आता?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, किंवा तुमची मुंज लावणाऱ्या गुरुजींना. दोन्ही शक्य नसेल तर घरची श्रावणी कधी असायची ते आठवा. ऋग्वेदी श्रावणात श्रवण नक्षत्रावर जानवे बदलतात, यजुर्वेदी श्रावणी पौर्णिमेला. हे दोन दिवस कधी एकत्र येतात, कधी येत नाहीत, आणि येत नाहीत त्या वर्षीची आठवण बहुतेक घरांत कुणाला तरी असते. गोत्र मात्र लग्नपत्रिकेच्या गडबडीत शोधलेले असतेच, ते लिहून ठेवा. शेवटी अभिवादनात लागेल.

संध्येत नेमके काय काय असते?

क्रम असा: आचमन, प्राणायाम, संकल्प, मार्जन, मंत्राचमन, अघमर्षण, अर्घ्यप्रदान, गायत्रीजप, उपस्थान, दिशांना नमस्कार, गोत्रोच्चारासह अभिवादन आणि शेवटी पुन्हा आचमन.

यादी बघून घाबरायला होते. मीही घाबरलो होतो. मग एकदा आश्वलायन गृह्यसूत्रातला संध्येचा भाग वाचायला मिळाला आणि डोक्यातली गाठ सुटली. तिथे सगळे मिळून तीन-चार ओळींत आटोपले आहे: जानवे घातलेल्याने पाणी जवळ ठेवून, मौन धरून संध्या करावी. संध्याकाळी वायव्येकडे तोंड करून, सूर्यबिंब अर्धे बुडाल्यापासून नक्षत्रे दिसेपर्यंत सावित्री जपावी. सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभ्याने, बिंब दिसेपर्यंत. सावित्री म्हणजे गायत्री मंत्रच, ‘तत्सवितुः’ म्हणून सुरू होणारी विश्वामित्रांची ऋचा. बाकीचे विधी या गाभ्याभोवती जमत गेले आहेत. ते निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही, पण वेळ कमी असेल तेव्हा कात्री कुठे लावायची आणि कुठे नाही, हे या चार ओळींवरून कळते. सूर्याची वेळ, पाणी आणि गायत्री यांना हात लावायचा नाही. काटायचे ते कडेचे.

सकाळची नेमकी वेळ कोणती?

परंपरेत यासाठी एक श्लोक पाठच करून घेतात:

उत्तमा तारकोपेता मध्यमा लुप्ततारका ।
अधमा सूर्यसहिता प्रातःसंध्या त्रिधा स्मृता ॥

आकाशात चांदण्या असताना सुरू केलेली संध्या उत्तम, चांदण्या मावळल्यावरची मध्यम, सूर्य वर आल्यावरची अधम. संध्याकाळी हाच क्रम उलटा होतो: सूर्य दिसत असतानाची उत्तम, तो मावळल्यावरची मध्यम, तारे निघाल्यावरची अधम.

‘अधम’ शब्दाने बिचकू नका. इथे तो तिसऱ्या प्रतीची एवढ्याच अर्थाने आहे. अधम संध्याही संध्याच.

आता हे घड्याळात कसे बसवायचे? आपल्या अक्षांशावर सूर्योदयाच्या पाऊण तास आधी चांदण्या चांगल्या दिसतात. वीस-पंचवीस मिनिटे आधी ठळक ग्रह-तारे सोडले तर आकाश पुसल्यासारखे होते. एक घटी म्हणजे 24 मिनिटे, आणि जुनी माणसे ‘उजाडायच्या एक घटका आधी बस’ म्हणत ते याच हिशेबाने. थोडक्यात, सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी आसनावर बसलात तर अर्घ्य सूर्योदयाआधी पडते आणि जप चालू असताना सूर्य वर येतो. संध्येची रचना याच लयीत बसवलेली आहे.

इथे बहुतेकांची एक चूक होते, माझीही झाली. आपण गजर लावतो तो घड्याळाला, ‘रोज सहा वाजता’ असा. मुंबईकडे जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्याला सव्वासातच्या आसपास. म्हणजे वर्षभरात सव्वा तासाचा फरक. सहाचा गजर जानेवारीत फार लवकर होतो आणि जूनमध्ये उशिरा. दर पंधरा दिवसांनी गजर थोडा सरकवा. पंचांगात किंवा दिनदर्शिकेत दिलेली सूर्योदयाची वेळ कोणत्या गावची आहे तेही बघून घ्या. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे तिथे सूर्य जवळपास पंचवीस मिनिटे आधी. मुंबईची वेळ धरून नागपुरात बसलात तर उत्तमाची मध्यम केव्हा झाली ते कळतही नाही.

उशीर झाला तर सोडून द्यावी का?

नाही. काळ टळला तर तीन अर्घ्यांआधी एक प्रायश्चित्तार्घ्य जास्तीचे द्यायचे, इतकी सोपी तजवीज परंपरेनेच करून ठेवली आहे. काही घरांत ते तिन्हींच्या नंतर चौथे म्हणून देतात. आपल्या पोथीत असेल तसे करा. माझ्या वडिलांचे यावर एक वाक्य होते: ‘उशिराचं अर्घ्य चार, न केल्याचं अर्घ्य शून्य.’ हिशेब त्यांना आवडायचा, बँकेत होते.

पाणी, भांडी, आसन: काय लागते?

तांब्याचे पंचपात्र, पळी आणि ताम्हण. पंचपात्रात पाणी असते, पळीने ते उजव्या तळहातावर घ्यायचे, आणि सोडायचे पाणी ताम्हणात पडते. बाजारात मिळणारी शोभेची छोटी ताम्हणे घेऊ नका. अर्घ्य उभ्याने देताना पाणी वरून पडते आणि चार बोटे खोलीचे ताम्हण नसेल तर निम्मे पाणी पायावर उडते. मी पहिले काही महिने ओल्या लादीवर घसरत होतो, मग बायकोने तांब्याची परातच दिली. तिथून ती परातच.

नळाचे ताजे, स्वच्छ पाणी चालते. गंगाजळी घरात असेल तर एक थेंब टाका, नसेल तर काही अडत नाही. रात्रीचे उघडे राहिलेले पाणी मात्र घेऊ नका. भांडी रोज विसळून पुसून पालथी ठेवायची. ओली राहिली की हिरवट डाग पडतात, आणि ते डाग असलेल्या पळीने आचमन करणे बरे नाही, कारण ते पाणी पोटात जाते. चिंच आणि मीठ लावून आठवड्याने एकदा घासली की पुरते.

आसन म्हणून लोकरीचा किंवा दर्भाचा तुकडा असतो. नसेल तर चटई. सोवळे-धोतर असेल तर नेसा. नसेल तर धुतलेली पंचा-लुंगी कुणी अडवत नाही. आंघोळ मात्र हवी. आजारपणात हातपाय-तोंड धुणे पुरते.

आचमन कसे करायचे? पाणी किती घ्यायचे?

उडीद बुडेल इतके, म्हणजे पळीभराहूनही कमी. उजवा हात गाईच्या कानासारखा थोडा खोलगट करायचा, अंगठा आणि करंगळी जरा मोकळी, मधली तीन बोटे जुळलेली. पाणी अंगठ्याच्या मुळाकडून ओठात घ्यायचे, या जागेला ब्राह्मतीर्थ म्हणतात. बोटांच्या टोकांकडून प्यायचे नाही, आणि सुर्र आवाजही करायचा नाही.

‘ॐ केशवाय नमः, ॐ नारायणाय नमः, ॐ माधवाय नमः’ या तीन नावांना प्रत्येकी एकदा पाणी प्यायचे. ‘ॐ गोविंदाय नमः’ म्हणत एक पळी तळहातावरून ताम्हणात सोडायची. तिथून ‘विष्णवे नमः’पासून ‘श्रीकृष्णाय नमः’पर्यंत उरलेली वीस नावे. एकूण चोवीस. उरलेल्या नावांना काही घरांत हात जोडून म्हणतात, काही घरांत ओठ, डोळे, कान, खांदे यांना क्रमाने स्पर्श करतात. सुरुवातीला पहिली चार नावे क्रियेसह आणि बाकीची नुसती वाचून, एवढे धरा.

अर्घ्य देण्याची रीत जरा तपशिलात सांगाल का?

हे नीट सांगतो, कारण संध्येत अर्घ्यच नेमके चुकते.

सकाळी उठून उभे राहायचे, तोंड पूर्वेला. डाव्या-उजव्या हातांची ओंजळ जुळवायची, त्यात पाणी भरायचे. गायत्री मंत्र ॐकार आणि ‘भूर्भुवः स्वः’ या व्याहृतींसह एकदा म्हणायचा, मग ओंजळ गाईच्या शिंगाइतकी, म्हणजे साधारण छातीच्या वर उचलायची, आणि बोटांच्या टोकांवरून पाणी पुढे सोडायचे. बोटांची टोके म्हणजे देवतीर्थ. असे तीनदा. पाणी सोडल्यावर ‘श्रीसूर्याय इदमर्घ्यं दत्तं न मम’ म्हणतात. तीन झाल्यावर ‘असावादित्यो ब्रह्म’ म्हणत, पाणी हातात घेऊन, स्वतःभोवती उजवीकडून एक प्रदक्षिणा.

दुपारचेही उभ्यानेच. संध्याकाळी बसून, तोंड पश्चिमेला, पण तीच ओंजळ आणि तोच मंत्र.

अंगठा आणि तर्जनी जुळलेली असू नयेत. यांच्या जोडीला ‘राक्षसी मुद्रा’ म्हणतात. पाणी या दोघांच्या मधून गेले की ते पितृतीर्थावरून जाते, आणि तिथून पाणी सोडायचे ते तर्पणात. ओंजळीतून पाणी सांडू नये म्हणून आपण अंगठे आवळतो आणि नेमकी तीच मुद्रा होते. उपाय सोपा आहे: पाणी कमी घ्या. ओंजळ काठोकाठ भरायची नसतेच. अर्धी भरा, अंगठे बाहेरच्या बाजूला सैल ठेवा. पहिल्या आठवड्यात आरशासमोर कोरड्या हाताने तीनदा करून बघा. बरोबर झाले की नाही ते पाण्यावरून कळते: नीट झाले तर बोटांच्या टोकांवरून एकच पडदा समोर पडतो, चुकले तर हातांच्या बाजूने धार ओघळून मनगटाला येते.

एवढे पाणी सूर्याकडे फेकून होते काय, असा प्रश्न भाच्याने विचारला होता. तैत्तिरीय आरण्यकात कथा आहे: राक्षस रोज उगवत्या सूर्याला गाठतात, आणि गायत्रीने मंत्रलेले हे पाणी वज्र होऊन त्यांना परतवते. भाचा म्हणाला, रोज हरतात तर रोज येतात कशाला? मी म्हणालो, तुझा सकाळी पाचचा आळसही रोज येतोच की.

फ्लॅटच्या गॅलरीतून अर्घ्य देऊ का?

ताम्हण किंवा परात खाली धरून, हो. गॅलरीतून खाली सोडू नका. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची ओली साडी आणि तुमचे पुण्य यांचा हिशेब जमणार नाही. जमलेले पाणी कुंडीतल्या झाडाला घालतात. पायदळी येईल तिथे किंवा मोरीत टाकू नये, असा संकेत आहे.

पूर्व दिसत नसेल, समोर इमारत असेल, तरी दिशा तीच ठेवा. दिशा महत्त्वाची, दृश्य नाही. कंपास मोबाइलमध्ये आहेच.

जप किती? आणि कसा मोजायचा?

108 पूर्ण, 28 मध्यम, 10 किमान. 10 कितीही गडबडीत होतात, मिनिटभराचे काम आहे. 108 शांतपणे केले तर बारा ते पंधरा मिनिटे लागतात. त्यामुळे ‘वेळ नाही’ असे म्हणताना नेमके कशासाठी नाही ते पाहा. संध्येतला मोठा वेळ जपाचा आहे, आणि तो 108वरून 10वर आणण्याची सोय आहे.

माळ नको, बोटांची पेरे वापरा. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, ते एक. अनामिकेचे खालचे पेर दोन. तिथून करंगळीवर, खालचे तीन, मधले चार, वरचे पाच. मग अनामिकेचे टोक सहा, मधल्या बोटाचे टोक सात, तर्जनीचे टोक आठ, मधले पेर नऊ, खालचे दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरे मेरू म्हणून सोडायची. एक फेरी म्हणजे दहा. पहिल्या दिवशी बोटे गोंधळतात, चौथ्या दिवशी आपोआप चालतात.

उच्चारात दोन गोष्टी जपा. ‘यो नः’ हे दोन शब्द आहेत, ‘योनः’ असे जोडून म्हणू नका. आणि शेवटचा ‘प्रचोदयात्’ पूर्ण म्हणा, ‘प्रचोदया’वर थांबू नका. छंद मोजणारे ‘वरेण्यम्’चा उच्चार ‘वरेणियम्’ असा करून चोवीस अक्षरे पूर्ण करतात. तो भाग गुरुजी शिकवतील तसा घ्या. मंत्र एखाद्या रेकॉर्डिंगवरून शिकत असाल तर संथ लयीतले निवडा. धावत्या चालीवर शिकलेला मंत्र पुढे वर्षानुवर्षे धावतच म्हटला जातो.

मार्जन आणि अघमर्षण म्हणजे काय, आणि नाही केले तर?

मार्जन म्हणजे ‘आपो हि ष्ठा’ या ऋग्वेदातल्या ऋचा म्हणत, दर्भाने किंवा बोटांनी डोक्यावर पाणी शिंपडणे. मंत्राचमन म्हणजे अपराधांच्या कबुलीचे आचमन, सकाळी ‘सूर्यश्च मा मन्युश्च’ आणि संध्याकाळी ‘अग्निश्च मा मन्युश्च’ म्हणून. सकाळी रात्रीच्या चुका, संध्याकाळी दिवसाच्या. मला हा भाग फार आवडतो, कारण इतका स्पष्ट हिशेब दुसऱ्या कुठल्या नित्यविधीत नाही. अघमर्षण म्हणजे ‘ऋतं च सत्यं च’ म्हणत उजव्या तळहातावरचे पाणी नाकाजवळ नेऊन, न पाहता डावीकडे टाकणे.

शिकून होईपर्यंत हे तिन्ही थांबले तरी चालेल. पण कायमचे सोडू नका.

नोकरीला जाणाऱ्याची लघुसंध्या नेमकी कशी?

मी माझीच दिनचर्या मांडतो. 7.40ला घर सोडायचे, रात्री 8.10ला परत.

जानेवारीतला एक दिवस घ्या. सूर्य सव्वासातला उगवतो. साडेसहाला आंघोळ, पावणेसातला आसनावर. आचमन, एक प्राणायाम, संकल्प, मार्जन, मंत्राचमन, अघमर्षण यांत दहा मिनिटे. सातच्या आत तीन अर्घ्ये, सूर्य अजून वर आलेला नाही. मग 108 जप, तो संपेपर्यंत सव्वासात होतात आणि समोरच्या टाकीमागून बिंब वर येते. उपस्थान, दिशा, अभिवादन, आचमन. 7.25ला मोकळा. ही पूर्ण संध्या, आणि हिवाळ्यात ती नोकरी सांभाळून जमते.

जूनमध्ये सूर्य सहाला. आदल्या रात्री उशीर झाला आणि सव्वासहाला जाग आली, तर पूर्ण संध्येचा हट्ट धरून काही साधत नाही. तेव्हा लघुसंध्या:

आचमन. एक प्राणायाम. संकल्प, ‘ममोपात्तदुरितक्षयद्वारा श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं प्रातःसंध्यामुपासिष्ये’. ‘आपो हि ष्ठा’ने मार्जन. उशीर झाल्याने आधी प्रायश्चित्ताचे एक अर्घ्य, मग तीन. दहा गायत्री उभ्याने. एक नमस्कार, ‘अनेन प्रातःसंध्यावंदनेन श्रीपरमेश्वरः प्रीयताम्’ म्हणत एक पळी पाणी सोडणे, आचमन. सात-आठ मिनिटे, घड्याळ लावून पाहिले आहे.

संध्याकाळ जास्त कठीण. जानेवारीत 6.20च्या सुमारास सूर्य मावळतो आणि मी तेव्हा ऑफिसात असतो. 6.15ला उठतो, हात-पाय धुतो, बूट काढून गच्चीच्या जिन्यात पश्चिमेला तोंड करून मनात दहा गायत्री म्हणतो. यावर कुणाची नजर पडली तर मी फोनवर ऐकतोय असेच त्यांना वाटते. घरी पोहोचल्यावर आंघोळ, देवापुढे दिवा, आणि मग बसून अर्घ्यासह सायंसंध्या, उशिराच्या प्रायश्चित्तार्घ्यासह. ऑफिसातल्या जपाला मी संध्या म्हणत नाही, ती फक्त वेळेची हजेरी.

संगणकावर कॅलेंडरमध्ये ‘6.15 दिवेलागण’ अशी नोंद टाकून ठेवली तर मीटिंगा तिथे आपोआप लागत नाहीत. शब्द मुद्दाम मराठी ठेवा, कुणी विचारले तर सांगायला बरा पडतो.

दुपारची माध्यान्हसंध्या?

आमच्या घरात ती रविवारी, जेवणाआधी. रोजची दुपार ऑफिसातली असते, तिथे ती बसत नाही. तिन्ही त्रिकाळ सांभाळणारे वैदिक वेगळे, त्यांच्या दिवसाशी आपली तुलना नको.

संकल्पात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणायचे का?

देशकालाचा मोठा उच्चार रोजच्या संध्येत म्हणायलाच हवा असे नाही, वर दिलेला छोटा संकल्प पुरतो. म्हणत असाल तर नकाशा बघून म्हणा. पुणे, मुंबई, सातारा गोदावरीच्या दक्षिणेला, तिथे ‘दक्षिणे तीरे’ बरोबर. नागपूर, अमरावती तिच्या उत्तरेला, तिथे ‘उत्तरे तीरे’. नागपुरातल्या एका नातेवाइकाकडे पुण्याच्या गुरुजींनी शिकवलेले ‘दक्षिणे’ तीस वर्षे चालू होते.

अभिवादन कसे म्हणतात?

उजवा हात डाव्या कानाला आणि डावा उजव्या कानाला लावून, थोडे वाकून. काश्यप गोत्राच्या ऋग्वेद्याने उदाहरणार्थ असे म्हणायचे: ‘काश्यपावत्सारनैध्रुवेति त्रिप्रवरान्वित काश्यपगोत्रोत्पन्नः ऋग्वेदान्तर्गत-शाकलशाखाध्यायी (नाव) शर्मा अहं भो अभिवादये.’ तुमचे प्रवर वेगळे असतील, ते गुरुजींना विचारून एका कागदावर लिहा आणि पोथीला चिकटवा. याच वाक्यात सगळे अडखळतात.

प्राणायाम करताना श्वास रोखवत नाही.

मग रोखू नका. नियम असा की पूरक, कुंभक, रेचकात मिळून सात व्याहृती, गायत्री आणि ‘आपो ज्योती’ हा भाग मनात म्हणायचा. नव्या माणसाचा श्वास तेवढा पुरत नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर कुंभक वगळा, नुसता सावकाश श्वास घेत-सोडत मंत्र मनात म्हणा. चेहरा लाल करून, छाती ताणून केलेला कुंभक बरोबर झालेला नसतो.

किती दिवसांत पूर्ण येईल?

वही करून ठेवा. पहिला आठवडा फक्त आचमन, तीन अर्घ्ये, दहा गायत्री. दुसऱ्या आठवड्यात प्राणायाम आणि संकल्प मिळवा. तिसऱ्यात मार्जन, चौथ्यात मंत्राचमन, मग अघमर्षण, आणि शेवटी उपस्थान-अभिवादन. उपस्थानाच्या ऋचा लांब असतात, त्यांना आणखी पंधरा दिवस द्या. एकदम सगळे पाठ करायला बसलेले लोक मी पाहिले आहेत, आठव्या दिवशी पोथी कपाटात जाते. पोथी पाहून म्हणण्यात कमीपणा नाही, मी वर्षभर पाहूनच म्हणत होतो.

वर्षानुवर्षे सोडली होती. आता सुरू करायला काही करावे लागते का?

जानवे नवे घाला, गुरुजींकडून गायत्रीचा उपदेश पुन्हा एकदा ऐका आणि यथाशक्ती जास्तीचा जप करा. बरेच जण श्रावणीच्या दिवशी सुरुवात करतात, कारण त्या दिवशी जानवे बदलायचेच असते. पण जूनमध्ये मनात आले आणि श्रावणाची वाट बघत बसलात, तर तोवर मन दुसरीकडे गेलेले असते.

सुतकात काय करायचे?

संध्या पूर्ण बंद होत नाही. मंत्र मोठ्याने न म्हणता मनात म्हणावेत, क्रिया अर्घ्यापर्यंत मर्यादित ठेवावी, असा प्रघात आहे. पण घराघरांत आणि सुतकाच्या प्रकारानुसार फरक पडतो, म्हणून त्या दिवसांत आपल्या उपाध्यायांना एक फोन करा.

प्रवासात, गाडीत?

मानसिक. वेळ झाली की बाहेर बघून दिशा ठरवा, बसल्या जागी दहा गायत्री म्हणा. मुक्कामी पोहोचल्यावर पाणी मिळाले की अर्घ्य द्या. रेल्वेच्या बेसिनवर ओंजळ भरून अर्घ्य देण्याचा प्रयत्न मी एकदा केला आहे, परत करणार नाही.

मुंज झालेली नाही, किंवा बाई आहे, तर?

जुन्या चौकटीत संध्येचा अधिकार उपनयनानंतर येतो, हे खरे. महाराष्ट्रात मुलींची मुंज लावणाऱ्या संस्थाही आहेत, पुण्याची ज्ञानप्रबोधिनी त्यातली एक. तो मार्ग ज्यांना पटतो ते तिथे जातात. ज्यांना तो घ्यायचा नाही, त्यांनी सूर्याची बारा नावे घेऊन, ‘मित्राय नमः, रवये नमः, सूर्याय नमः’ करत साधे अर्घ्य द्यावे. वेळ, दिशा, ओंजळ यांबद्दल वर लिहिले ते सगळे तिथेही लागू आहे. माझी आई हेच करायची, तांब्याने तुळशीजवळ.

मी लंडनला असतो. इथली वेळ कशी धरू?

तिथलीच धरा, डोंबिवलीची नाही. लंडनला जूनच्या शेवटी सूर्य पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानवानंतर मावळतो. डिसेंबरात उगवतो आठनंतर आणि चारच्या आत मावळतो. म्हणजे हिवाळ्यात प्रातःसंध्या ऑफिसला जाण्याआधी आरामात होते, पण सायंसंध्येची वेळ ऑफिसातच येते. उन्हाळ्यात उलट, संध्याकाळ घरी आरामात मिळते, सकाळ मात्र पहाटेची. तिथल्या एका मित्राने यावर तोडगा काढला आहे: हिवाळ्यात तो सकाळची पूर्ण आणि संध्याकाळची लघु करतो, उन्हाळ्यात बरोबर उलटे. वर्षाला दोनदा पाळी बदलते, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर, घड्याळे पुढे-मागे करतात त्याच रविवारी.